नऊ वाजताचा फोन : जवळच्या नात्यातील सीमारेषा आणि तिच्यामागून येणारा अपराधीपणा

पुढील प्रकरण कोणा एकाच व्यक्तीचे नाही. समुपदेशनाच्या कामात आई आणि विवाहित मुलगी यांच्या नात्याची जी गुंतागुंत वारंवार समोर येते, तिच्यातील अनेक धागे एकत्र करून ते लिहिले आहे. ज्या मुलीची ही हकीकत आहे तिला आपण मीनल म्हणू.

मीनल 38 वर्षांची, ठाण्यात राहणारी आणि मुंबईत एका विमा कार्यालयात नोकरी करणारी. घरी नवरा आणि नऊ वर्षांची मुलगी. आई 66 वर्षांच्या आणि सहा वर्षांपूर्वी वडील गेल्यापासून साताऱ्यात एकट्या राहतात. धाकटा भाऊ पुण्यात असतो. मीनल समुपदेशनाला आली ती आईबद्दल बोलायला नव्हे. दुपारी पोटात कळ येते, तपासण्यांत काही निघत नाही आणि घरी आल्यावर मुलीवर विनाकारण ओरडणे होते, अशी तिची तक्रार होती. पोट नेमके कधी दुखते याची तिने आठवडाभर नोंद ठेवली. तेव्हा असे दिसले की बहुतेक वेळा ते आईचा फोन वाजल्यानंतर किंवा वाजूनही उचलता न आल्यानंतर दुखत होते.

त्या आठवड्यात आईंचे 41 फोन आले. त्यांतील बरेचसे सकाळी अकरा ते दुपारी एक या वेळात, म्हणजे आईंची घरातली कामे आटोपल्यावर, आणि उरलेले बहुतेक दिवेलागणीच्या सुमारास आले होते. मीनलने उचलला नाही तर आई जावयांना फोन करत आणि तेही न मिळाल्यास ठाण्यातील शेजारणीला. बोलण्याचा विषय क्वचितच तातडीचा असे. कधी दूधवाला आला नाही, कधी गुडघा दुखतो, आणि निम्म्याहून अधिक वेळा मुलगा-सुनेबद्दलची तक्रार. ती ऐकून मीनल भावाला फोन करी, भाऊ चिडे, मीनल त्याचे म्हणणे सौम्य करून आईंना सांगे, आणि संध्याकाळपर्यंत दोन्हीकडचा राग तिच्याच पदरात पडलेला असे. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ मरे बोवेन यांनी कुटुंबातील अशा रचनेला त्रिकोण म्हटले आहे. दोघांमधला ताण दोघांना पेलवत नाही, म्हणून तो तिसऱ्यावर टाकला जातो. तिसऱ्याने जागा सोडेपर्यंत त्या दोघांना एकमेकांशी थेट बोलण्याची गरज भासत नाही.

सीमारेषा म्हणजे नेमके काय

कुटुंबोपचाराच्या क्षेत्रात ही कल्पना साल्वादोर मिनुचिन यांनी 1974 साली विस्ताराने मांडली. कुटुंबात कोणी, कशात, किती भाग घ्यायचा हे ठरवणाऱ्या अलिखित नियमांना त्यांनी सीमारेषा म्हटले. ही रेषा तीन तऱ्हांची असू शकते. ती पुसट असली की एकाच्या मनातील खळबळ दुसऱ्याच्या अंगात लगेच उतरते. ती कडक असली की गरज पडली तरी हाक पोहोचत नाही. ती स्पष्ट असली की येणे-जाणे चालू राहते, पण आपण कोणाच्या अंगणात आहोत हे दोघांनाही कळते. शेताच्या बांधाकडे पाहिले तर ही तिसरी तऱ्हा चटकन लक्षात येते. बांधावरून माणसे जा-ये करतात, बांध फोडून पाणीही पुढे दिले जाते, तरी कोणाचे शेत कुठे संपते याविषयी संभ्रम राहत नाही.

मराठीत या कल्पनेपुढे एक अडचण आहे आणि ती केवळ भाषांतराची नाही. सीमारेषेसाठी आपल्याकडे सहज ओठांवर येणारा शब्द ‘मर्यादा’, पण मुलींना मर्यादा सांगितली जाते ती स्वतःची जागा राखण्यासाठी नव्हे, दिलेली जागा न सोडण्यासाठी. ‘मर्यादा पाळ’ हे ऐकत वाढलेल्या मीनलला आईपुढे मर्यादा घालणे हा मर्यादाभंगच वाटला, यात नवल नाही. म्हणून या लेखात मी सीमारेषा हाच शब्द वापरतो.

मनोविश्लेषक अ‍ॅलन रोलंड यांनी भारतीय आणि जपानी माणसांवर लिहिताना, 1988 साली, कुटुंबाशी जोडलेल्या ‘आम्ही’पणाच्या जाणिवेचे वर्णन केले. अशा जाणिवेत वाढलेल्या माणसाच्या स्वप्रतिमेतच आई, भाऊ, घराणे यांचा समावेश असतो. माझ्या मते ही बाब ध्यानात न घेता दिलेला ‘सरळ नाही म्हणा’ हा सल्ला आपल्याकडे दोन दिवसही टिकत नाही, कारण ‘नाही’ म्हणणाऱ्याला आपण दुसऱ्याला नकार दिला असे वाटतच नाही. स्वतःचाच एक भाग कापला असे वाटते.

पहिला प्रयत्न आणि त्यातली माझी चूक

पहिल्यांदा मीनलने आईंना सांगितलेले वाक्य असे होते : “आई, तू मला ऑफिसच्या वेळात फोन करायचा नाहीस.” हे वाक्य आम्ही दोघांनी मिळून ठरवले होते आणि ते चुकीचे होते. त्यात मीनलच्या वागण्याविषयी एक अक्षर नव्हते, होता तो आईंच्या वागण्यावरचा नियम. असा नियम मोडणे सर्वस्वी समोरच्याच्या हातात असते आणि तो मोडला की नियम करणाऱ्याकडे रागावण्याखेरीज काही उरत नाही. शिवाय सहासष्ट वर्षांच्या आईला मुलीने ‘करायचे नाहीस’ असे म्हणणे हे ऐकायलाही अपमानास्पद होते. आई एवढेच म्हणाल्या, “बरं बाई. तू कामात. माझं काय, जातील दिवस.”

पुढील तीन दिवस आईंचा एकही फोन आला नाही. चौथ्या दिवशी सकाळी साताऱ्याहून मावशींचा फोन आला : “ताई रात्री रडत होती गं. तुझे बाबा असते तर तू असं बोलली असतीस का?” मीनलने कार्यालयाच्या जिन्यात उभे राहून आईंना फोन लावला, माफी मागितली आणि पाऊण तास बोलत राहिली. नंतरच्या आठवड्यात फोनांची संख्या 63 वर गेली.

हा आकडा पाहून मीनलने निष्कर्ष काढला की सीमारेषा आईला मानवत नाही. पण त्यामागची घडण वेगळी आहे. इतके दिवस मिळणारा प्रतिसाद अचानक थांबला की तो मिळवण्याचा प्रयत्न आधी वाढतो. शिकण्याच्या प्रक्रियेचा अभ्यास करणाऱ्यांना हे फार पूर्वीपासून ठाऊक आहे. आणि वाढलेल्या प्रयत्नानंतर प्रतिसाद मिळाला, तर नकळत शिकवले जाते ते एवढेच की अधिक जोर लावावा लागतो. तीन दिवस टिकून चौथ्या दिवशी मोडलेली सीमारेषा ही मुळात न घातलेल्या सीमारेषेपेक्षा महाग पडते. बोवेन यांनी या प्रतिक्रियेचे टप्पेही नोंदवले आहेत. कुटुंबातील एकाने स्वतःची भूमिका घेतली की आधी ‘तू चुकतोस’ असे सांगितले जाते, मग ‘पूर्वीसारखा हो’ आणि त्यानंतर ‘झाला नाहीस तर असे असे होईल’. मावशींच्या दोन वाक्यांत यांतले पहिले दोन टप्पे होते. तिसरा भावाने पूर्ण केला : “ताई, आईला काही झालं तर तुझ्यावर येईल हां.”

यात कोणी दुष्ट नव्हते, हे इथे स्पष्टपणे लिहायला हवे. अशा आईला एका शब्दात ‘विषारी’ ठरवून मोकळे होण्याची सध्या फॅशन आहे आणि मला ती आळशीपणाची वाटते. चाळीस वर्षांच्या सहवासानंतर एकट्या पडलेल्या बाईला दिव्याची वात लावताना घर खायला उठते आणि तिचे बोट मुलीच्या नंबरावर जाते. फोन हे त्या भीतीवरचे औषध होते. ते मुलीच्या नोकरीच्या वेळातून काढले जात होते, ही त्यातली गोष्ट चुकीची होती.

अपराधीपणा का येतो

मीनलला सर्वांत जास्त कोडे पडले होते ते याचे. “माझं चुकलं नाही हे मला समजतं,” ती म्हणाली, “मग इतकं वाईट का वाटतं?”

रॉय बाउमायस्टर आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी 1994 साली अपराधीपणाविषयी एक मांडणी केली आणि या प्रश्नाला ती बरीच उपयोगी पडते. त्यांच्या म्हणण्यानुसार अपराधीपणा हा मुख्यतः माणसामाणसांमधला भाव आहे आणि तो सर्वाधिक जाणवतो तो परक्यांच्या नव्हे, आपल्या माणसांच्या संदर्भात. ज्याच्या सुखदुःखाची जबाबदारी आपण मानतो त्याला आपल्यामुळे त्रास झाला, किंवा आपल्याला मिळाले तेवढे त्याला मिळाले नाही, की हा भाव जागा होतो आणि नाते सावरायला भाग पाडतो. नात्यात ज्याच्या हाती दुसरे कोणतेही बळ नसते तोही या भावाच्या आधारे आपले म्हणणे पुढे रेटू शकतो. ‘माझं काय, जातील दिवस’ या वाक्याचे बळ तेच आहे. यात एक गोष्ट महत्त्वाची आहे. नाते ताणले जाते आहे, एवढीच सूचना हा भाव देतो. ताण अन्यायामुळे आला की नवी वाट पडत असल्यामुळे आला, हे त्याला कळत नाही.

म्हणून अपराधीपणा वाटला याचा अर्थ अपराध झाला असा होत नाही, आणि झालाच नाही असेही नाही. हे ठरवण्यासाठी मीनलने प्रत्येक वेळी वहीत तीन प्रश्नांची उत्तरे लिहायची असे ठरले. मी नेमके काय केले, त्यामुळे कोणाचे काय नुकसान झाले, आणि हेच माझ्या वहिनीने तिच्या आईच्या बाबतीत केले असते तर मी तिला काय म्हटले असते. पहिल्या दहा नोंदींपैकी आठ ठिकाणी दुसऱ्या प्रश्नापुढे लिहिले होते, ‘आईला वाईट वाटले’. तिसऱ्यापुढे लिहिले होते, ‘काही म्हटले नसते’. इथे मोडला गेला होता तो ‘चांगली लेक आईचा फोन कधीच टाळत नाही’ हा भूमिकेचा नियम. हा नियम मीनलने कधी निवडला नव्हता. भाऊ लहान असताना, वडिलांच्या फिरतीच्या नोकरीमुळे, आईंचे मन सांभाळण्याचे काम दहा-अकरा वर्षांच्या मुलीकडे आले आणि तिथेच राहिले. मूल जेव्हा पालकाचे पालक होते तेव्हा त्याचा मोबदला म्हणून त्याला ‘शहाणी गं माझी बाय’ ही ओळख मिळते. पुढे ते काम कमी करायचे म्हटले की ओळखीलाच धक्का लागतो. अपराधीपणाच्या पोटात भीती असते ती याची.

उरलेल्या दोन नोंदी मात्र वेगळ्या होत्या. एकीत मीनलने फोन कापताना “तुला दुसरं काही काम नाही का?” असे म्हटले होते. दुसरीत आईंनी चक्कर येत असल्याचे सांगितले होते आणि मीनलने नेहमीचे रडगाणे समजून ते ऐकले नव्हते. दोन दिवसांनी साखर वाढल्याचे निघाले. या दोन्ही ठिकाणी टोचणी खरी होती आणि तिचा उपाय वहीत नव्हता. पहिल्याबद्दल मीनलने माफी मागितली, फक्त त्या वाक्याबद्दल, फोन न उचलण्याबद्दल नव्हे. दुसऱ्यासाठी साताऱ्यातल्या डॉक्टरांकडे दरमहा तपासणीची व्यवस्था लावली आणि ती जबाबदारी भावाने घेतली. सगळा अपराधीपणा खोटा आहे असे मी आधीच सांगून टाकले असते, तर ही साखर आणखी काही महिने लक्षात आली नसती.

माफीचा फोन

नोंदींमधून आणखी एक गोष्ट उघड झाली आणि या प्रकरणात मला ती सर्वांत मोलाची वाटते. फोन न उचलल्यानंतर वाटणाऱ्या अपराधीपणाला मीनल शून्य ते दहा असे गुण देत असे. फोन वाजून थांबला की आठ. ताबडतोब उलट फोन करून “सॉरी आई, मीटिंगमध्ये होते” म्हटले की एका मिनिटात दोन. फोन केलाच नाही तर वीस मिनिटांनंतरही आठच, तासाभराने पाच आणि ठरल्या वेळी रात्री बोलून झाल्यावर तीन. म्हणजे हा भाव कोणी काही न करताही उतरत होता, फक्त सावकाश उतरत होता. मीनलला हे कधी कळलेच नव्हते, कारण तो उतरण्याआधीच ती फोन लावत आली होती. माफीच्या फोनाने आईंचे एकटेपण जात नव्हते, मीनलची कळ जात होती. आणि ज्या कृतीने कळ झटकन थांबते ती कृती पुढच्या वेळी अधिक लवकर हातून घडते. बाहेरून मायेसारखी दिसणारी ही सवय आतून बरीचशी वेदनाशामक गोळीसारखी चालली होती.

म्हणून दुसऱ्या प्रयत्नात वाक्य बदलले आणि वेळही. मीनल शनिवार-रविवारी साताऱ्याला गेली आणि समोर बसून म्हणाली, “आई, अकरा ते सहा मला फोन उचलता येणार नाही. सकाळी पावणेआठला घरातून निघायच्या आधी दहा मिनिटं आणि रात्री नऊ वाजता अर्धा तास मी तुला फोन करीन, रोज. पडलीस, चक्कर आली, छातीत दुखलं, तर लागोपाठ दोनदा रिंग दे, मी असेन तिथून उचलीन. आणि धाकट्याबद्दलचं त्यालाच सांग, मी मध्ये निरोप देणार नाही.” या वाक्यांत जवळजवळ प्रत्येक क्रियापद मीनलच्या हातातले होते, शेवटच्या वाक्याचा पहिला अर्धा भाग मात्र नव्हता, आणि तेवढ्यावरूनच पुढे सर्वाधिक खटके उडाले. आईंनी विचारले, “म्हणजे आता तुला अपॉइंटमेंट घेऊन भेटायचं का?” मीनलने ठरल्याप्रमाणे वाद घातला नाही. “तुला वाईट वाटतंय ते दिसतंय मला,” एवढे म्हणून ती स्वयंपाकघरात चहा ठेवायला गेली. सीमारेषा सांगताना दिलेले प्रत्येक जादा कारण हे वाटाघाटीचे आमंत्रण ठरते, आणि आपल्या घरांत वाटाघाटीत आई हरल्याचे उदाहरण विरळा.

पुढील सहा आठवडे मीनलने कार्यालयात फोन टेबलाच्या खणात ठेवला आणि कळ आली की वहीत फक्त वेळ व गुण लिहिले. दोनदा रिंग देण्याची सवलत आईंनी पहिल्या आठवड्यात पाच वेळा वापरली आणि पाचही वेळा तातडीचे काही नव्हते. मीनलने दर वेळी फोन उचलला, तब्येत ठीक असल्याची खात्री केली आणि “नऊला बोलू” म्हणून एका मिनिटात ठेवला. रात्री नऊचा फोन तिने एकदाही चुकवला नाही, आणि माझ्या दृष्टीने सगळा डोलारा उभा होता तो यावर. दिवसाचा नकार आईंना सोसता येतो तो रात्रीचे वचन पक्के असले तरच. सहाव्या आठवड्यात दिवसा येणाऱ्या फोनांची संख्या आठवडाभरात नऊवर आली होती. पोटात कळ येणे पूर्ण थांबले नव्हते, पण तिचे गुण चारच्या वर जात नव्हते. भावाकडून मात्र पहिला महिनाभर रोज कटकट झाली. आईंशी थेट बोलावे लागल्यावर त्याला कळले की ताईने किती वर्षे किती गोष्टी गाळून सांगितल्या होत्या.

हीच पद्धत कुठे लागू पडत नाही हेही सांगायला हवे. जिथे मारहाण, पैशांची जबरदस्ती किंवा जिवाची धमकी आहे तिथे समोर बसून वाक्य सांगणे धोक्याचे ठरू शकते, तिथे आधी सुरक्षितता पाहावी लागते. तसेच अपराधीपणा एखाद्या कृतीला चिकटलेला नसून सगळ्याच गोष्टींवर पसरलेला असेल, आपण कोणाच्या कामाचे नाही असे वाटत असेल आणि दोन आठवडे किंवा अधिक काळ झोप, भूक व कशातही रस वाटणे यांवर परिणाम झाला असेल, तर ते नैराश्याचे लक्षण असू शकते. अशा वेळी सीमारेषांची वही बाजूला ठेवून मनोविकारतज्ज्ञांकडे जायला हवे. मीनलच्या बाबतीत हे सुरुवातीलाच तपासले होते. तिची टोचणी फोनाबरोबर येई आणि ओसरल्यावर ती मुलीबरोबर हसू शकत असे.

चौथ्या महिन्यात मीनल आली ती थोडी गोंधळून. आदल्या गुरुवारी आईंचा दिवसभरात एकही फोन नव्हता. रात्री नऊला कळले की त्या शेजारच्या दोघींबरोबर रिक्षा करून यवतेश्वरला गेल्या होत्या आणि येताना भेळ खाऊन आल्या. आई त्याबद्दलच बोलत राहिल्या आणि पंचवीस मिनिटांनी स्वतःच म्हणाल्या, “चल, ठेवते, दमले आज.” फोन ठेवल्यावर मीनलच्या पोटात तीच कळ आली. वहीत तिने सवयीने तीन प्रश्न मांडले. पहिल्यापुढे लिहिले, ‘काही नाही’. दुसऱ्यापुढे, ‘कोणाचे नाही’. तिसऱ्याची जागा तिने कोरी ठेवली होती. दुसऱ्या दिवशी साडेसहाला, दिवेलागणीच्या वेळी, लोकलची वाट पाहत फलाटावर उभी असताना तिने आईंना फोन लावला. आईंनी घाबरून विचारले, “काय गं, बरी आहेस ना?”

“सहजच केला,” मीनल म्हणाली. त्या फोनाला तिने गुण दिले नव्हते आणि तो मोडलेल्या सीमारेषेत धरायचा का, हे तिने मला विचारले. मी तिला विचारले की फोन करण्याआधी कळ किती होती. ती बराच वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, “कळ नव्हती. आठवण होती.”